टाचेतून निघालेल्या त्या वळ्या माझ्या कातडीच्या नव्हत्याच

सँडल घालून रोज लांब चालणाऱ्यांनो, भेगाळलेल्या टाचांची मृत त्वचा ‘डोळ्यांदेखत काढणारं’ जेल कुणी विकायला आलं तर सावध राहा. मी त्यात पैसे घालवलेत.

विक्रेत्याने माझ्या टाचेवर पारदर्शक जेलचे दोन थेंब टाकले आणि बोटाने गोल गोल चोळायला घेतलं. बघता बघता करड्या वळ्या गळायला लागल्या. “बघा ताई, किती डेड स्किन साचली होती!” टाच हाताला मऊही लागत होती. मी जेल आणि सोबतचं तेल, दोन्ही घेतलं.

घरी रोज चोळलं, रोज तेवढ्याच वळ्या निघाल्या. भेगा मात्र होत्या तिथेच, होत्या तेवढ्याच खोल. इतकी कातडी निघत असती तर एव्हाना टाच सोलून निघाली असती! शेवटी तेच जेल आरशाच्या काचेवर चोळून पाहिलं. तिथेही वळ्या. फक्त पांढऱ्या, कारण काचेवर पायाची धूळ नव्हती.

अशा जेलमध्ये कार्बोमर किंवा सेल्युलोजसारखे घट्टपणा आणणारे पदार्थ असतात. चोळताना पाणी उडतं, हे पदार्थ गोळा होतात आणि त्यांच्या वळ्या पडतात. वरवरचा थोडा मळ त्यांना चिकटून येतो, पण टाचेच्या जाड थराला त्यांचा धक्काही लागत नाही.

हा थर येतो सततच्या दाबाने आणि घासण्याने. सँडलला मागची भिंत नसते, त्यामुळे पाऊल टेकलं की टाचेची गादी बाजूंना पसरते. कोरडी, जाड कातडी तेवढी ताणत नाही आणि कडेने फाटते. म्हणून भेगा बहुतेक टाचेच्या काठावरच दिसतात.

पुढे त्वचेच्या डॉक्टरांनी २५ टक्के युरिया असलेलं साधं क्रीम दिलं. कोमट पाण्यात पाय दहा-पंधरा मिनिटं बुडवायचे, वजरी हलक्या हाताने फिरवायची, पाय टिपून ओलसर असतानाच क्रीम लावायचं आणि रात्री सुती मोजे घालायचे. उघड्या भेगेत युरिया झोंबतं, म्हणून रक्त येणाऱ्या भेगांना आधी नुसती पेट्रोलियम जेली. लांबच्या चालीला मागून बंद बूट. फरक दिसायला काही आठवडे गेले, आणि सँडलवर परतले की भेगा पुन्हा डोकं वर काढतात.

मधुमेह असेल किंवा पायाला बधिरपणा असेल तर घरी घासाघाशी नको, थेट डॉक्टरांना दाखवा. एकाच तळपायावर पिठासारखा कोंडा आणि बोटांच्या बेचक्यात खाज असेल तर बुरशीची शंका घ्यावी, तिथे युरिया एकटं पुरत नाही.

जेल परत न्यायला गेले तेव्हा उत्तर मिळालं, “उघडलेली बाटली घेत नाही.” काचेवर चोळून दाखवा म्हटलं, तर त्याने दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे तोंड फिरवलं.