जीपीएलचा कोड ‘स्वतः लिहिलेला’ म्हणून आमच्या गळ्यात मारला, त्याची गोष्ट

छोट्या कंपन्या बाहेरच्या माणसाकडून एखादं मॉड्यूल लिहून घेतात, पीआर आला की तो चालतो का ते बघतात आणि पैसे देऊन मोकळ्या होतात. त्यांच्यासाठी हे लिहितोय. आमच्या बाबतीत जे झालं ते कुणाच्याही बाबतीत होऊ शकतं, आणि झालेलं लवकर कळतही नाही.

आमचं दुकानदारांसाठी बिलिंगचं सॉफ्टवेअर आहे. दुकानातल्या कॉम्प्युटरवर बसतं, थर्मल प्रिंटरवर बिलं आणि मालाची लेबलं छापतं. लेबलवरच्या बारकोडचं काम एका फ्रीलान्सरला दिलं. करारात स्वच्छ लिहिलं होतं: कोड स्वतः लिहायचा, आणि दुसऱ्याचा काही वापरला तर तो कुठून घेतला आणि कोणत्या लायसन्सखाली आहे हे पीआरमध्ये नोंदवायचं. पीआरच्या वर्णनात त्याने लिहिलं होतं की कोड १२८ या बारकोड पद्धतीचं स्टँडर्ड वाचून सगळं शून्यापासून लिहिलंय. टेस्ट पास झाल्या, लेबलं छापली, स्कॅनर वाजला, पैसे गेले.

पुढे एका गिऱ्हाइकाचा फोन आला की स्कॅन केल्यावर भलताच माल बिलात येतोय. लेबलवर छापलंय SR20417 आणि स्कॅनर वाचतोय SR2041. त्याच्याकडे SR2041 नावाचाही माल होता, म्हणून एरर न येता सरळ चुकीचं बिल होत होतं.

कोड १२८ मध्ये ए, बी, सी असे तीन संच असतात. सी संचात दोन अंक मिळून एकच चिन्ह होतं, त्यामुळे लांब आकडा आला की प्रोग्रॅम सी संचात जातो आणि लेबल आखूड होतं. पण अंक विषम असले तर एक अंक बी संचात टाकावा लागतो. इथे पाच अंक होते. २० आणि ४१ सीमध्ये गेले, उरलेला ७ गळला. शेवटचं तपासणी-चिन्ह, म्हणजे १०३ ने भागून उरणारी बाकी, जे छापलं त्यावरूनच काढलं जातं. त्यामुळे स्कॅनरच्या दृष्टीने ते लेबल अगदी बरोबर होतं.

दुरुस्तीसाठी आमच्या सहकाऱ्याने फाइल उघडली. संच बदलणाऱ्या फंक्शनच्या वर एक कॉमेंट होती, तिच्यात शब्द होता barbol. फाइलभर शोधलं तर तो सात-आठ ठिकाणी निघाला. असा शब्द कुठल्याच डिक्शनरीत नाही. थोडा विचार केल्यावर उलगडलं: मूळ फाइलीत व्हेरिएबलचं नाव sym असणार, याने सगळीकडे sym चं bar करून टाकलं आणि त्या धांदलीत कॉमेंटमधल्या symbol चं barbol झालं. कॉमेंटमध्ये symbol परत घातला आणि ते अख्खं वाक्य अवतरणचिन्हांत घालून कोड-सर्चमध्ये टाकलं. पहिलाच निकाल एका जुन्या बारकोड प्रकल्पाचा. लायसन्स जीपीएल-३, म्हणजे कोड घेऊन प्रोग्रॅम वाटला तर त्याचा सोर्सही खुला करायला लावणारं.

आता प्रश्न, कुणी कुणाचं घेतलं? याचं उत्तर त्या बगनेच दिलं. मूळ प्रकल्पाच्या इश्यूंच्या यादीत विषम अंकांचा हाच घोळ कुणीतरी कळवलेला होता आणि पुढच्या आवृत्तीत तो दुरुस्तही झाला होता. आमच्याकडे दुरुस्तीच्या आधीची फाइल होती, बगसकट. कुठल्या आवृत्तीतून उचललं हे शोधायचं असेल तर मूळ प्रकल्पात कधी काय दुरुस्त झालं ते बघत जावं. तारखांबद्दल वाद घालायची वेळच येत नाही.

यातला एक भाग नीट समजून घ्यायला हवा. आमच्या सीआयमध्ये लायसन्स तपासणारा स्कॅनर होता:

```
scancode --license --copyright --json-pp out.json src/
```

त्याचा निकाल स्वच्छ आला होता आणि स्कॅनरचं काहीच चुकलं नव्हतं. असा स्कॅनर फाइलीत लिहिलेला लायसन्सचा मजकूर, कॉपीराइटच्या ओळी आणि SPDX च्या खुणा शोधतो. फाइलीच्या डोक्यावरच्या वीस ओळी कुणी पुसून टाकल्या, तर त्याला सापडायला काही उरतच नाही. त्याने प्रामाणिक माणसाचा विसरभोळेपणा पकडला जातो, लबाडी पकडली जात नाही. कोडचे तुकडे सार्वजनिक कोडशी जुळवून पाहणारी साधनं वेगळी असतात. आणि तीसुद्धा नावं बदललेल्या कोडपुढे कधी कधी चुकतात.

आरोप करण्याआधी दोन्ही फाइली एका साच्यात आणून शेजारी ठेवल्या:

```
clang-format -i --style=LLVM theirs.c ours.c
git diff --no-index --word-diff theirs.c ours.c
```

टॅब, स्पेस, कंसांच्या जागा हा सगळा पसारा यात नाहीसा होतो. उरला तो फरक जवळजवळ फक्त नावांचा. फंक्शनांचा क्रम तोच, फांद्यांचा क्रम तोच, आणि आम्ही कधीच न वापरणाऱ्या एका जुन्या प्रिंटरसाठीची #ifdef सुद्धा तशीच.

मात्र सारखेपणा दिसला म्हणजे चोरीच झाली असं नाही. फाइलीत १०७ पॅटर्नचा एक तक्ता होता, 212222 पासून सुरू होणारा. तो अक्षरशः मूळ प्रकल्पासारखाच होता, पण आम्ही त्याला हात लावला नाही. तो आयएसओ/आयईसी १५४१७ या स्टँडर्डमधला तक्ता आहे, जगातल्या प्रत्येक कोड १२८ च्या प्रोग्रॅममध्ये तसाच असणार. चार ओळींचं तपासणी-चिन्हाचं फंक्शनही कुणीही लिहिलं तरी साधारण तसंच होतं. कुठे बघायचं, तर जिथे लिहिणाऱ्याला निवड असते तिथे. किती अंक आले की सीमध्ये जायचं, आधी कोणती शक्यता तपासायची, एररचा मजकूर काय, कॉमेंटमध्ये काय समजावलंय. या सगळ्या निवडी दोन माणसांच्या तंतोतंत जुळत नाहीत.

मग त्याच पीआरमधल्या बाकीच्या फाइलीही चाळल्या. दुकानाचा लोगो काळ्या-पांढऱ्या ठिपक्यांत बदलणारी फाइल एमआयटी लायसन्सच्या एका लायब्ररीतली निघाली, तिचंही डोकं उडवलेलं. इथे लायसन्सचं भांडण नाही. विक्रीच्या, बंद सॉफ्टवेअरमध्ये एमआयटीचा कोड चालतो. पण त्याची एकच अट आहे, कॉपीराइटची ओळ आणि परवानगीचा मजकूर प्रत्येक प्रतीबरोबर गेला पाहिजे, आणि नेमकी तीच याने मोडली होती. लेखकाचं नाव फाइलीत परत आणलं, सॉफ्टवेअरबरोबर जाणाऱ्या यादीत मजकूर टाकला, विषय संपला. मुळात पुसलं कशाला, हे मला आजही कळत नाही. ठेवलं असतं तर आम्ही काहीच म्हटलं नसतं.

बारकोडच्या फाइलीचं तसं नव्हतं. आम्ही प्रोग्रॅम गिऱ्हाइकांना देतो. जीपीएलचा कोड आत मिसळून प्रोग्रॅम वाटला तर त्या अख्ख्या प्रोग्रॅमचा सोर्स त्याच लायसन्सखाली उपलब्ध करावा लागतो. फक्त आपल्याच सर्व्हरवर चालवला असता तर जीपीएलची ही अट लागू झाली नसती (एजीपीएल असता तर तिथेही सुटका नव्हती). आमच्यापुढे दोनच वाटा होत्या, सगळा सोर्स खुला करणं किंवा ती फाइल काढून टाकणं.

फ्रीलान्सरला फोन केला. तो म्हणाला, “सर, गिटहबवर होतं ना, म्हणजे ओपनच आहे. सगळे असंच करतात.” मी विचारलं, मग वरच्या ओळी का पुसल्या? त्यावर, “क्लीन कोड द्यायचा म्हणून.” पैसे परत मागितल्यावर फोन उचलणं बंद. करार होता, पण त्या रकमेसाठी कोर्टाची पायरी चढणं परवडत नाही, आणि हे त्यालाही पक्कं ठाऊक होतं.

‘फुकटचा कोड, नाव काढलं तर काय बिघडलं’ असं वाटणाऱ्यांनी जेकबसन विरुद्ध कॅट्झर हा अमेरिकेतला खटला वाचावा. खेळण्यातल्या रेल्वेच्या एका ओपन सोर्स प्रकल्पाच्या फाइली एका विक्रेत्याने लेखकांची नावं आणि कॉपीराइटच्या नोंदी काढून आपल्या उत्पादनात वापरल्या. २००८ मध्ये अपील कोर्टाने म्हटलं की लायसन्समधल्या त्या अटी पाळल्या नाहीत तर प्रकरण निव्वळ करारभंगावर थांबत नाही, कॉपीराइटचा भंगही ठरू शकतो. २०१० मध्ये तडजोड झाली तेव्हा विक्रेत्याने एक लाख डॉलर कबूल केले. आपल्याकडेही कॉपीराइट कायदा प्रोग्रॅमला साहित्यकृतीच धरतो, आणि त्यातलं कलम ५७ लेखकाला कृती आपली म्हणवून घेण्याचा हक्क देतं.

आम्ही ती फाइल काढली. नवी फाइल अशा सहकाऱ्याकडून लिहून घेतली ज्याने ना ती चोरलेली फाइल पाहिली होती ना मूळ प्रकल्प. त्याला फक्त स्टँडर्ड आणि आमच्या टेस्ट दिल्या. वाचून झाल्यावर ‘माझ्या शब्दांत’ लिहिलेला कोड मूळच्याच वळणावर जातो, म्हणून ही खबरदारी. जुनी आवृत्ती डाउनलोडवरून उतरवली आणि गिऱ्हाइकांना अपडेट पाठवला. जीपीएल-३ च्या आठव्या कलमात सोय आहे: भंग पूर्ण थांबवला आणि त्यानंतर ६० दिवसांत हक्कदाराने काही कळवलं नाही, तर गेलेला परवाना कायमचा परत मिळतो. पहिल्यांदाच नोटीस आली असेल तर ३० दिवसांत सुधारूनही तो मिळतो. जीपीएल-२ मध्ये अशी मुदत नाही, तिथे भंग झाला की परवाना संपला. आम्ही ६० दिवस गप्प बसलो नाही, वकिलाला विचारून मूळ लेखकाला स्वतःहून कळवलं.

आता बाहेरून आलेल्या पीआरमध्ये आधी हे बघतो:

```
git diff --diff-filter=A --numstat main...pr-branch
```

नव्याने आलेल्या फाइली आणि त्यांच्या ओळी. एकाच कमिटमध्ये आठशे-नऊशे ओळींची तयार फाइल, ना अर्धवट टप्पे, ना खोडाखोड, असं दिसलं की ती कशी घडली हे लिहिणाऱ्याला समोर बसवून विचारतो. ज्याने लिहिलंय तो संच कधी बदलायचा हे दोन मिनिटांत फळ्यावर काढून दाखवतो. दुसऱ्याचा कोड असेल तर तो वेगळ्या फाइलीत आणि त्याच्या डोक्यावर हे हवंच:

```
// SPDX-FileCopyrightText: <year> <author>
// SPDX-License-Identifier: MIT
// Source: <repo URL> @ <commit hash>
```

कमिटचा हॅश मागायचं कारण असं की प्रकल्प मधेच लायसन्स बदलतात, आणि आपण घेतलं त्या दिवशी काय होतं हे नंतर सांगता येत नाही. शेवटचा हप्ता ही तपासणी झाल्यावरच देतो.

त्या माणसाचं नाव मी इथे लिहिणार नाही. पण हेच मॉड्यूल त्याने आणखी कुणाला विकलं असेल, अशी मला दाट शंका आहे. गेल्या दोन-तीन वर्षांत बारकोडचं काम बाहेरून करून घेतलं असेल, तर आपल्या रेपोमध्ये एवढं चालवून बघा:

```
git grep -n -i barbol
```

एक जरी ओळ आली, तर पुढची आवृत्ती पाठवू नका. आणि SR20417 चं लेबल छापून स्कॅन करून बघा.