ताळ्याच्या खुणा की टॅगवार यादी: सरावातील खरडींवरून ट्रायाज तक्ता कोणत्या पद्धतीने करावा

सामूहिक अपघाताच्या सरावात जखमींची पहिली वर्गवारी, म्हणजे ट्रायाज, करणारे पथक एका जखमीपाशी अर्ध्या ते एक मिनिटाहून अधिक थांबत नाही, त्यामुळे त्याच्या वहीत उतरते ती निव्वळ खरड असते. उदाहरणार्थ, ‘१९ ला ४१ श्वा३४ ना–’ एवढ्या ओळीचा अर्थ असा की १९ क्रमांकाच्या टॅगचा जखमी १० वाजून ४१ मिनिटांनी लाल वर्गात टाकला, त्याचा श्वास मिनिटाला ३४ आहे आणि मनगटावर नाडी लागत नाही. लाल म्हणजे ताबडतोब उपचार हवा असलेला, पिवळा थोडा थांबू शकणारा, हिरवा किरकोळ जखमांचा आणि काळा मृत किंवा वाचण्याची आशा नसलेला. घटनास्थळावरील वैद्यकीय प्रमुखाला मात्र कोणत्या रंगाचे किती आणि आधी कोणाला हलवायचे हे एका कागदावर हवे असते. हा कागद दोन प्रकारे तयार होतो. एकात प्रत्येक खरडीसाठी त्या-त्या रंगाच्या रकान्यात ताळ्याची खूण केली जाते, म्हणजे चार उभ्या रेघा आणि पाचवी आडवी. दुसऱ्यात प्रत्येक टॅगसाठी एक ओळ राखली जाते आणि त्या टॅगविषयीची नवी खरड त्याच ओळीत पुढे लिहिली जाते.

घाटात बस उलटली असे कल्पून केलेल्या एका सरावाचे आकडे घेऊ. जखमींची भूमिका करणारे २४ जण होते, वह्या तीन होत्या. पहिली वही बसच्या पुढच्या भागाची, दुसरी मागच्या भागाची आणि तिसरी रस्त्याकडेला चालत आलेल्यांची. तिन्ही वह्या समोर ठेवून १० वाजून ४५ मिनिटांनी दोन्ही पद्धतींनी बेरीज केली, ती अशी.

| वर्ग | ताळ्याच्या खुणांनी | टॅगवार यादीने |
|---|---|---|
| लाल | ७ | ७ |
| पिवळा | ८ | ७ |
| हिरवा | १० | ८ |
| काळा | २ | २ |
| एकूण | २७ | २४ |

तीन माणसे जास्तीची आली ती अशी. ७ क्रमांकाचा जखमी बसच्या मधोमध होता. पहिल्या पथकाने त्याला १० वाजून १४ मिनिटांनी पिवळा टॅग दिला आणि आठ मिनिटांनी मागच्या पथकाला तो लाल वाटला, म्हणून तो दोन्ही रंगांत मोजला गेला. १२ क्रमांकाची बाई पहिल्या वहीत हिरवी होती, ती चालत रस्त्याकडेला आली आणि तिसऱ्या वहीत पुन्हा हिरवी म्हणून उतरली. तिसरा तो वर सांगितलेला १९ क्रमांकाचा माणूस. त्याला १० वाजून २० मिनिटांनी हिरवा ठरवले होते आणि २१ मिनिटांनंतर त्याच वहीत, पान उलटून, तो लाल झाला. ताळ्याची खूण एकदा झाली की ती कोणाची होती हे कळत नाही, त्यामुळे रंग बदलला तरी जुनी खूण कोणती खोडायची हे सांगता येत नाही.

तरीही ताळ्याच्या खुणांना कमी लेखू नये. वरच्या तक्त्यात लालचा आकडा दोन्हीकडे सारखाच आहे, आणि रुग्णालयाला पहिली सूचना देताना तोच आकडा सर्वांत मोलाचा असतो. वायरलेसवर ‘लाल सात, पिवळे आठ’ असे सांगायला काही सेकंद पुरतात, तर २७ खरडी टॅगवार लावायला एकाने वाचायचे आणि दुसऱ्याने लिहायचे अशी दोन माणसे आणि बरीच मिनिटे लागतात. शिवाय टॅगचा क्रमांक चुकीचा वाचला तरी ताळ्याच्या बेरजेत काहीच बिघडत नाही.

क्रमांक चुकीचा वाचणे आपल्याकडे अगदी नेहमीचे आहे. टॅगवर छापलेले अंक इंग्रजी असतात आणि घाईत लिहिणारी परिचारिका मराठी अंक लिहून मोकळी होते. मराठी ४ हा इंग्रजी आठसारखा दिसतो आणि मराठी १ इंग्रजी नऊसारखा. आमच्याच दुसऱ्या वहीतला ४ वाचणाऱ्याने आठ म्हणून वाचला. पण यादीत ही चूक लपली नाही, कारण ८ क्रमांकाच्या ओळीत मांडीतून रक्तस्राव होणारा लाल आणि खरचटलेला हिरवा असे दोघे एकत्र आले आणि ४ क्रमांकाची ओळ रिकामी राहिली. एक ओळ भरगच्च आणि एक कोरी दिसली की अंकच चुकला असे समजावे आणि टॅग पाहून यावे. ताळ्याच्या खुणांत अशी कोरी जागा कधीच दिसत नाही. एक माणूस दोनदा मोजला आणि दुसरा सुटला तर बेरीज बरोबर २४ येते आणि सारे जण निर्धास्त होतात.

फाडायच्या पट्ट्या असलेल्या टॅगांमुळे यादीतही दुबार नोंद घुसू शकते. अशा टॅगच्या तळाशी रंगीत पट्ट्या असतात, सर्वांत खाली हिरवी, आणि उरलेली सर्वांत खालची पट्टी हा वर्ग धरतात. प्रकृती खालावली तर आणखी पट्टी फाडता येते. सुधारली तर फाडलेली पट्टी परत लावता येत नाही, म्हणून नवा टॅग बांधावा लागतो आणि त्याला नवा क्रमांक येतो. नव्या टॅगवर जुना क्रमांक लिहिला नसेल तर यादीत एकाच माणसाच्या दोन ओळी तयार होतात, त्यामुळे टॅग बदलणाऱ्याला ही सवय आधी लावून घ्यावी.

हलवण्याच्या क्रमाच्या बाबतीत तुलनेला फारसा वाव उरत नाही. ताळ्याच्या खुणांतून सात लाल आहेत एवढे कळते, पण त्या सातांत आधी कोण हे कळत नाही. १९८३ साली कॅलिफोर्नियात तयार झालेली ‘स्टार्ट’ ही वर्गवारीची पद्धतही लाल वर्गाच्या आतला क्रम लावून देत नाही; तो वैद्यकीय प्रमुखाने ठरवायचा असतो आणि त्यासाठी त्याला प्रत्येकाची ओळ दिसावी लागते. आमच्या सरावात दोन रुग्णवाहिका होत्या, प्रत्येकीत एकच आडवा जखमी मावत होता. मांडीतून रक्तस्राव होणारा ४ क्रमांकाचा जखमी वहीत फार आधी आला होता, पण दाबपट्टीने रक्त थांबले होते. १९ क्रमांकाचा सर्वांत शेवटी लाल झाला होता. पोटात दुखते असे तो म्हणत होता आणि नाडी लागत नव्हती. पोटातला रक्तस्राव जागेवर थांबवता येत नाही, तो शस्त्रक्रियेनेच थांबतो, म्हणून तो शल्यचिकित्सक असलेल्या दूरच्या रुग्णालयाकडे पहिल्या फेरीत गेला. ७ क्रमांकाचा श्वास ३६ होता; तो दुसऱ्या रुग्णवाहिकेतून त्याच फेरीत गेला आणि ४ क्रमांकाचा थांबला. वहीतल्या क्रमानेच पाठवले असते तर ४ क्रमांकाचा १९ च्या आधी गेला असता. म्हणून यादीत ‘हलवण्याचा क्रम’ हा रकाना लेखनिकाने कोराच ठेवावा आणि तो वैद्यकीय प्रमुखाने पेन्सिलीने भरावा, कारण दर फेरीनंतर तो बदलतो.

माझे मत असे की लेखनिक दोन असतील तर एकाने पहिल्या सूचनेपुरत्या ताळ्याच्या खुणा कराव्यात, आकड्यासोबत वेळ आणि ‘प्राथमिक’ असा शब्द लिहावा आणि यादी पूर्ण झाल्यावर तो कागद बाजूला काढून टाकावा, नाहीतर दोन निरनिराळे आकडे तळावर फिरत राहतात. लेखनिक एकच असेल आणि टॅगांवर क्रमांक असतील तर पहिल्यापासून यादीच धरावी. प्रत्येक पानाच्या तळाशी चार रंगांची बेरीज लिहीत गेले की पहिल्या सूचनेचा आकडाही त्यातूनच मिळतो, फक्त थोडा उशिरा. टॅगांवर क्रमांक नसतील तर यादी टिकत नाही, कारण ‘निळा सदरा, पिवळा’ अशा दोन ओळी एकाच माणसाच्या आहेत की दोघांच्या, हे तंबूतल्या टेबलावर बसून ठरवता येत नाही. अशा वेळी ताळ्याच्या खुणाच कराव्या लागतात आणि रुग्णवाहिकेत चढवण्याच्या जागी नव्याने मोजणी करावी लागते.