अण्णांसाठी लिहिलेला स्पीकरचा संदेश : काही महिन्यांच्या वापरानंतरचा अनुभव

कराडला राहणाऱ्या माझ्या वडिलांना फोनवर नीट ऐकू येत नसे, म्हणून मी आणि माझ्या धाकट्या भावाने त्यांना एक चार ओळींचा संदेश लिहून दिला. तो गेले काही महिने रोज वापरात आहे. फोन साधा अँड्रॉइड आहे, आवाजाची आणि चालू-बंदची अशी दोन्ही बटणे उजव्या कडेला आहेत आणि पडद्यावरची अक्षरे इंग्रजीत आहेत. त्यापलीकडे त्याचे वर्णन करण्याची गरज नाही. मागच्या आठवड्यात दुकानदाराशी झालेल्या वादामुळे या संदेशाची खरी परीक्षा झाली, म्हणून हे लिहीत आहे. आधी संदेश देते.

"अण्णा, आवाज कमी वाटला तर फोन कानापासून दूर धरा आणि पडदा उजळू द्या.
मग कर्ण्याच्या चित्रावर (खाली Speaker लिहिले आहे) बोट टेकवून लगेच उचला.
आमचे बोलणे चालू असतानाच उजव्या कडेचे लांब बटण वरच्या टोकाला चार-पाच वेळा दाबा.
त्याखालचे छोटे बटण दाबू नका, फोन कट होईल."

यातली पहिली ओळ सर्वांत महत्त्वाची आहे, असे माझे ठाम मत आहे, आणि ज्येष्ठांसाठी फिरणाऱ्या बहुतेक संदेशांत नेमकी तीच नसते. "स्पीकरचे बटण दाबा" असे आपण सहज लिहितो, पण फोन कानाला असताना ते बटण दिसतच नाही. कानाजवळच्या फटीपाशी एक सेन्सर असतो. गाल जवळ आला की तो पडदा काळा करतो, म्हणजे गालाने भलतेच काही दाबले जाऊ नये. आपल्याला हे सवयीने ठाऊक असते. अण्णा मात्र फोन जेमतेम दोन बोटे दूर करून पाहत, पडदा काळाच दिसे, मग तो उजळण्यासाठी ते कडेचे छोटे बटण दाबत आणि फोन कट होई. छोट्या बटणाने कॉल संपवण्याची सोय त्यांच्या फोनमध्ये चालू होती. ती आम्ही सेटिंग्जमधल्या अॅक्सेसिबिलिटीत जाऊन बंद केली, तरीही चौथी ओळ तशीच ठेवली आहे, कारण शेजाऱ्यांच्या किंवा आत्याच्या फोनवरून बोलताना तीच अडचण पुन्हा येऊ शकते.

"बोलणे चालू असतानाच" हे शब्द सुरुवातीला मला जास्तीचे वाटले होते. आता माझे मत पूर्ण बदलले आहे. अँड्रॉइडमध्ये घंटीचा, गाण्यांचा आणि कॉलचा आवाज वेगवेगळा राखला जातो, आणि तेच लांब बटण त्या क्षणी जे चालू असेल त्याचा आवाज बदलते. फोन नुसता हातात असताना अण्णांनी ते कितीही वेळा दाबले, तरी भजनांचा किंवा घंटीचा आवाज वाढत असे आणि माझा आवाज होता तेवढाच राहत असे.

ओळींचा क्रमही वापरातूनच ठरला. पहिल्या मसुद्यात आवाज वाढवणे आधी आणि स्पीकर नंतर होता. पण कॉलमध्येही कानाच्या फटीतून येणाऱ्या आवाजाची पातळी आणि स्पीकरची पातळी फोन निरनिराळी लक्षात ठेवतो. आधी आवाज वाढवून मग स्पीकर लावला, तर स्पीकर त्याच्या जुन्या, खालच्या पातळीवरच सुरू होतो आणि केलेले कष्ट वाया जातात. म्हणून स्पीकर आधी. एकदा वाढवलेली पातळी पुढच्या कॉललाही टिकते, त्यामुळे तिसऱ्या ओळीची गरज रोज पडत नाही. फोन मुठीत धरताना बटणाचे खालचे टोक दाबले गेले, की मात्र ती पुन्हा लागते.

चित्र कुठे आहे हे संदेशात मुद्दाम लिहिलेले नाही, आणि त्याचे मला फार समाधान आहे. ऑगस्ट २०२५मध्ये गूगलच्या फोन अॅपचे अपडेट आले आणि भारतातल्या असंख्य फोनांवर कॉलच्या पडद्याची मांडणी न विचारता बदलली. "खालून दुसऱ्या रांगेत उजवीकडे" असे लिहिलेले संदेश त्या दिवशी निरुपयोगी झाले असतील. कर्ण्याचे चित्र आणि त्याखालचा शब्द मात्र राहिला.

आता दुकानदाराचा प्रसंग. अण्णांनी फोनला नवी टेम्पर्ड ग्लास बसवून घेतली आणि त्यानंतर संदेशाची पहिलीच ओळ चालेनाशी झाली. फोन हातभर दूर धरला तरी पडदा उजळेना. दुकानदाराने डिस्प्ले गेला असे सांगून फोनच्या जवळपास निम्म्या किमतीएवढा खर्च सांगितला. मी अण्णांना दुसऱ्या फोनवरून एक सोपी तपासणी सांगितली : फोन टेबलावर उताणा ठेवा, कुणाला तरी कॉल लावा आणि त्याला हातही लावू नका. लावताक्षणी पडदा काळा झाला आणि तसाच राहिला. याचा अर्थ सेन्सरला समोर काहीतरी सतत दिसत होते. डिस्प्ले गेला असता तर कॉल नसतानाही तो नीट चालला नसता. काच काढली, वरची पट्टी कोरड्या मऊ कापडाने पुसली, आणि पडदा पूर्ववत उजळू लागला. त्या काचेची कड कानाच्या फटीवरही आली होती, त्यामुळे आवाज आधीच दबलेला होता. एवढे होऊनही काचेचे पैसे परत देण्यास दुकानदाराने नकार दिला, याचा मला अजूनही राग आहे.

संदेशाची मर्यादाही सांगितली पाहिजे. वयोमानाने बहुधा उंच पट्टीचे आवाज आधी कमी ऐकू येतात, आणि स, श, फ यांसारखे वर्ण त्याच पट्टीत असतात. मी "साठ" म्हणते, अण्णांना "आठ" ऐकू येते. जुन्या पद्धतीच्या कॉलमध्ये सुमारे ३४०० हर्ट्‌झच्या वरचा आवाज पोचतच नाही, म्हणून तिथे स्पीकर कितीही वाढवला तरी "स" परत येत नाही. दोन्ही बाजूंना व्होल्टी, म्हणजे 4G नेटवर्कवरून कॉल करण्याची सोय, चालू असेल तर ही मर्यादा साधारण ७००० हर्ट्‌झपर्यंत जाऊ शकते आणि फरक लगेच कळतो. शिवाय पूर्ण आवाजावर तो छोटा स्पीकर खरखरतो. एक पायरी खाली ठेवल्यावर अण्णांना शब्द जास्त स्पष्ट कळतात. हे सर्व करूनही आकडे चुकत असतील, तर कानांची तपासणी करून घेणे हाच मार्ग आहे, आणि आम्ही ती वेळ घेतली आहे.

एक ओळ मात्र वाढवावी लागली. स्पीकर चालू असताना फोन पुन्हा कानाला लावला, तर तो सेन्सर काम करत नाही, पडदा उजळलेलाच राहतो आणि गालाने Mute दाबला जातो. मग अण्णांना आम्ही ऐकू येतो, पण ते आम्हाला ऐकू येत नाहीत, आणि दोन्हीकडून "हॅलो, हॅलो" सुरू होते. म्हणून पाचवी ओळ अशी : "स्पीकर लावल्यावर फोन टेबलावर ठेवूनच बोला. कानाला लावायचा असेल तर आधी कर्ण्याच्या चित्रावर पुन्हा बोट टेकवा."

हा संदेश फोनमध्ये असून उपयोग नाही, कारण ज्या वेळी तो लागतो त्या वेळी फोन कानाला असतो. भावाने तो जाड कागदावर ठळक अक्षरांत छापून अण्णांच्या खुर्चीसमोर, चार्जरच्या वर, भिंतीला चिकटवला आहे. पाचवी ओळ सध्या पेनाने लिहिलेली आहे. दिवाळीला जाईन तेव्हा नवा कागद लावीन.