सबटायटलचा चित्रपट की पॉडकास्ट?

भुसावळ-जळगाव अप-डाऊन करणाऱ्या माझ्या भाच्याने बोललेलं इंग्रजी कानाला कळावं म्हणून वर्षभर सबटायटल लावून इंग्रजी चित्रपट पाहिले. गोष्ट कळायची, पण खालची ओळ झाकली की संवाद हरवायचे. डोळे कानाआधीच वाक्य वाचून मोकळे होतात. शिवाय सबटायटल बऱ्याचदा आटोपशीर केलेलं असतं, बोललेला शब्द न् शब्द त्यात नसतो.

पॉडकास्टला चित्राचा आधार नाही. पण आवाज एक-दोनच असतात आणि कार्यक्रमाची लिखित संहिता मिळाली तर ताडून बघता येतं. शॅडोइंगला, म्हणजे बोलणाऱ्याच्या क्षणभर मागे राहून त्याच्यासोबतच बोलायला, मला हेच बरं वाटतं. भाच्याने ३० सेकंदांचा तुकडा घेतला. दोनदा नुसता ऐकला, संहितेशी ताडला, मग संहिता बघत आणि शेवटी न बघता सोबत बोलला. 'व्हॉट डू यू वॉन्ट टू' तिथे 'व्हॉड्या वॉना' झालं होतं. शब्द त्याला येतच होते, त्यांची जोडणी कानाला नवी होती. (गाडीत ओठ हलताना पाहून शेजारचे बाबा म्हणाले, "काय रे भो, जप करी ऱ्हायना का?")

तुकडा निवडताना मिनिटाला दोन-चार शब्द निसटले तर चालेल. दर वाक्याला अडलात तर सोपा घ्या. सोबत बोलताना नुसतं पुटपुटणं उरलं, तर वेग थोडा कमी करा.

चित्रपट सोडू नका. एकच प्रसंग आधी सबटायटलविना पाहा, मग इंग्रजी सबटायटल लावून. मराठी-हिंदी लावलंत तर कान सुट्टीवर जातो.