पायलट हॉलमध्ये दाखवावा की घरी लिंक पाठवावी?

मालिकेचा पायलट, म्हणजे नमुन्यादाखल केलेला पहिला भाग, तयार आहे, एडिट जवळपास पक्का झाला आहे आणि उरलेल्या सीझनला हात घालायचा की नाही हे ठरवायचं आहे. अशा वेळी वीसेक अनोळखी प्रेक्षकांना तो दाखवायचा, इथपर्यंत बहुतेकांचं एकमत असतं. घोळ पुढे होतो. सगळ्यांना एका हॉलमध्ये बोलावून एकत्र दाखवायचा, की प्रत्येकाला स्वतंत्र लिंक पाठवून घरी बघू द्यायचा? दोन्ही पद्धती चालतात. माझा कल कुठे आहे ते पुढे कळेलच, पण हॉलची बाजूही लंगडी नाही.

आधी वीस माणसांकडून काय मिळू शकतं ते बघू. दर पाच प्रेक्षकांतल्या एकाला अडणारी गोष्ट 12 जणांच्या गटात निदान एकदा तरी समोर येण्याची शक्यता सुमारे 93 टक्के असते. म्हणजे गोंधळ, कंटाळा, न समजलेलं नातं अशा गोष्टी पकडायला छोटा गट पुरतो. पण 20 पैकी 14 जणांना आवडला आणि आधीचा कट 12 जणांना आवडला होता, म्हणून नवा कट सरस, असं म्हणता येत नाही. एवढा फरक निव्वळ योगायोगानेही पडतो. त्यामुळे पसंतीचे आकडे बाजूला ठेवून दोन्ही पद्धतींना एकच प्रश्न विचारावा: दोष नेमका कुठे आहे हे कोण जास्त खात्रीने दाखवतं?

हॉलची मोठी ताकद म्हणजे माणसं डोळ्यांसमोर असतात. पडद्याच्या बाजूला, प्रेक्षकांकडे तोंड करून बसायचं, हातात टाइमकोड लावलेली वही ठेवायची आणि कोण कधी चुळबुळतो, कोण शेजाऱ्याकडे वळून काही विचारतो ते टिपत जायचं. सात-आठ जण एकाच अर्ध्या मिनिटात खुर्चीत सरकून बसले, तर तो प्रसंग लांबलेला असतो. फॉर्मवर हे कुणी लिहीत नाही, कारण आपण सरकलो हे त्यांच्याही ध्यानात नसतं. विनोदी मालिका असेल तर प्रश्नच मिटला, हॉलच घ्यावा. हशा गटात येतो, त्याची लांबी मोजता येते आणि पुढचा संवाद त्या हशात बुडतो का तेही तिथेच कळतं. एकटा बसलेला माणूस मनातल्या मनात हसतो, आणि ते कुठेच नोंदलं जात नाही.

गंभीर, सलग कथेच्या मालिकेसाठी मात्र हॉलची एक गोष्ट मला फार खटकते, आणि माझ्यापुरता निर्णय तिनेच केला. हॉलमधून कुणी उठून जात नाही. बोलावून आणलेला माणूस, शेजारी इतर पाहुणे, समोर मालिकेची माणसं. भाग कितीही सुस्त असला तरी तो शेवटपर्यंत बसतो. मग फॉर्मवर ‘पुढचा भाग बघाल का?’ या प्रश्नापुढे ‘हो’वर खूण करतो. तो खोटं बोलत नसतो. एवढा वेळ बसल्यावर, चांगली वागणूक मिळाल्यावर, त्याला खरंच तसं वाटतं. पण मालिका बघितली जाते ती घरी, बोट बटणावर ठेवून. प्रेक्षक कुठल्या मिनिटाला सोडून जातो, हा पायलटचा सर्वांत मोलाचा प्रश्न, आणि हॉल तोच पुसून टाकतो.

लिंकची मांडणी फार अवघड नाही. प्रत्येकाला वेगळी लिंक द्यावी. तिच्यावर त्या प्रेक्षकाचा क्रमांक फिकट वॉटरमार्क म्हणून सतत दिसावा आणि 48 तासांनी ती बंद व्हावी. प्लेअर असा हवा की कुठे थांबवलं, कुठे मागे नेलं, कुठे पुढे ढकललं याची प्रत्येक प्रेक्षकाची स्वतंत्र नोंद मिळेल. नोंद होते हे प्रेक्षकाला आधी सांगून त्याची संमती घ्यावी. ते कळल्याने माणूस जरा जास्त वेळ टिकतो हे खरं, पण हॉलच्या भिडेपुढे ते काहीच नाही. पार्श्वसंगीत तात्पुरतं असेल किंवा दृश्यांवरचं काम अपुरं असेल, तर तसं सुरुवातीच्या पाटीवर एका ओळीत लिहावं. नाहीतर निम्मी उत्तरं त्यावरच खर्ची पडतात.

आता एक नमुना घेऊ. समजा गुन्हेकथेचा 46 मिनिटांचा पायलट आहे आणि प्रेक्षक 20. सरासरी आलेख सांगतो की बाराव्या ते चौदाव्या मिनिटात घसरण आहे: दोघांनी तिथेच सोडलं, आणखी पाच जण थांबून बऱ्याच वेळाने परतले. त्या मिनिटांत तपास अधिकारी आणि एक बाई यांचं लांबलचक भांडण आहे. आलेखच बघितला तर कुणीही म्हणेल, भांडण छाटा. पण एकेका प्रेक्षकाची नोंद उघडली की वेगळंच दिसतं. सहा जणांनी 9 मिनिटं 40 सेकंदांच्या आसपास वीस-तीस सेकंद मागे नेऊन पुन्हा ऐकलं आहे. तिथे ती बाई इस्पितळाच्या बोळात पहिल्यांदा येते आणि आपण मृताची पहिली बायको असल्याचं अर्ध्या वाक्यात सांगते. नेमकी तेव्हाच मागून स्ट्रेचर खडखडत जातं. मोबाइलच्या किंवा टीव्हीच्या बारीक स्पीकरवर ते अर्धं वाक्य हरवतं. ती कोण हे कळलं नाही की बाराव्या मिनिटाचं भांडण परक्या दोन माणसांचं भांडण होतं, आणि लोक निघून जातात.

म्हणजे लोक गेले एका जागी आणि दोष होता दोन-अडीच मिनिटं आधी. हाच पायलट हॉलमध्ये लावला तर मोठ्या स्पीकरवर ते वाक्य बहुतेकांना ऐकू येतं. ज्याला येत नाही तो शेजाऱ्याला विचारतो आणि गाडी पुढे जाते. दोष दडून राहतो आणि थेट प्रसारणानंतर उघड होतो.

पात्रांची नाती न कळणं ही किरकोळ तक्रार नव्हे. ‘गेम ऑफ थ्रोन्स’चा पहिला पायलट अगदी मोजक्या ओळखीच्या लोकांना दाखवला, तेव्हा जेमी आणि सर्सी ही भावंडं आहेत हेच बघणाऱ्यांना समजलं नव्हतं. भागाच्या शेवटचा धक्का त्याच नात्यावर उभा होता. पुढे त्या पायलटचा बराचसा भाग नव्याने चित्रित झाला. तिथे बघणारे मोकळेपणाने बोलले, म्हणून ते कळलं. अनोळखी प्रेक्षक ‘मला समजलं नाही’ असं चारचौघांत सहसा म्हणत नाही. आपलंच लक्ष नव्हतं असं त्याला वाटतं.

म्हणून प्रश्नावलीचा क्रम दोन्ही पद्धतींत महत्त्वाचा आहे. पहिला प्रश्न मोकळा: ही गोष्ट कुणाला सांगायची झाली तर चार वाक्यांत कशी सांगाल? दुसरा: कोण कुणाचं काय लागतं? तिसरा: कुठल्या प्रसंगात मन दुसरीकडे गेलं? आवडनिवड अगदी शेवटी. ती वर घेतली की पुढची सगळी उत्तरं तिच्या समर्थनार्थ लिहिली जातात. हॉलमध्ये फॉर्म भरून परत घेतल्याशिवाय चर्चा सुरू करू नये, नाहीतर पहिला बोलणारा जे म्हणेल तेच इतरांच्या कागदावर उतरतं. घरच्या प्रेक्षकांना प्रश्न दुसऱ्या दिवशी फोनवर, एकेकट्याने विचारावेत. एक रात्र गेल्यावर जे आठवतं, तेवढंच घेऊन माणूस पुढच्या भागाकडे येणार असतो.

‘पुढचा भाग बघाल का?’ हे मात्र विचारूच नये. त्याऐवजी भाग संपल्यावर एक ओळ दाखवावी: दुसऱ्या भागाचं दोन पानी कथानक हवं असेल तर ‘पाठवा’ एवढंच उत्तर द्या. आणि मागणाऱ्याला ते खरोखर पाठवावं. ‘हो’वर खूण करायला काही लागत नाही, पण आपणहून संदेश लिहायला थोडी तरी ओढ लागते. 20 पैकी सहा-सात जणांनी कथानक मागितलं तर मी त्याला हॉलमधल्या अठरा होकारांपेक्षा जास्त वजन देईन.

लिंकचीही दुखणी आहेत. काही जण भाग लावून स्वयंपाकघरात निघून जातात. नोंदीत तो शेवटपर्यंत बघितलेला दिसतो. यावर उपाय म्हणजे शेवटच्या दहा मिनिटांतला एक साधा तपशील फोनवर विचारायचा आणि तो सांगता न आलेल्याची नोंद बाजूला ठेवायची. थांबवण्याचाही लगेच अर्थ लावू नये. एकट्या माणसाने कुठेतरी पाच मिनिटं थांबवलं तर दारावरची घंटा वाजली असेल. चार-पाच जण एकाच मिनिटात थांबले तरच ती जागा तपासावी. शिवाय 48 तासांत लिंक न उघडणारेही असतात, म्हणून 20 नोंदी हव्या असतील तर 26-27 जणांना पाठवावी. हॉलसाठीही साधारण तेवढेच जादा लोक बोलवावे लागतात, तेव्हा या बाबतीत दोघं सारखे.

प्रेक्षक निवडताना नातेवाईक आणि याच व्यवसायातली माणसं दोन्हीकडे वगळावीत. या प्रकारची एखादी मालिका अलीकडे शेवटपर्यंत बघितली आहे, एवढी अट पुरे. ज्याला गुन्हेकथाच आवडत नाहीत, त्याच्या कंटाळ्यावरून एडिट बदलण्यात अर्थ नाही.

निकाल वाईट आला म्हणून मालिका गुंडाळावी का? इथे दोन्ही पद्धती सारख्याच तोकड्या आहेत. 1989 मध्ये ‘साइनफेल्ड’च्या पायलटचा चाचणी अहवाल ‘कमकुवत’ असा आला होता. तरी वाहिनीने आणखी चार भाग मागवले आणि मालिका नऊ सीझन चालली. नव्या धाटणीच्या गोष्टीला पहिल्या भेटीत कमी गुण मिळणं स्वाभाविक आहे. म्हणून चाचणीतून समज आणि गळती या दोनच गोष्टी घ्याव्यात. गोष्ट नीट समजली, मधे कुणी सोडली नाही आणि तरी कथानक कुणीच मागितलं नाही, तर गाठ एडिटच्या टेबलावर सुटणारी नाही, ती संकल्पनेतच आहे. समज अडली असेल, तर आधी दुरुस्ती करावी आणि निर्णय मागाहून घ्यावा.

वरच्या नमुन्यात दुरुस्ती छोटी आहे: स्ट्रेचरचा आवाज खाली घ्यायचा, त्या बाईचं वाक्य मृताच्या नावासकट पुन्हा डब करायचं आणि त्यावर अधिकाऱ्याच्या चेहऱ्याचा दोन सेकंदांचा क्लोजअप टाकायचा. भांडणाला हात लावायचा नाही. फेरचाचणी मात्र नव्याच माणसांवर हवी, कारण जुन्यांना ती कोण हे आता ठाऊक आहे. त्यासाठी आठ जण पुरतात. मूळ गटात 20 पैकी सहा जणांनी मागे नेलं होतं. दोष तसाच राहिला असता तर आठांपैकी एकानेही मागे न नेण्याची शक्यता सहा टक्क्यांच्या आत आहे. भाग सुरुवातीपासूनच दाखवावा, थेट नवव्या मिनिटापासून नको. त्या बोळात पोचेपर्यंत प्रेक्षकाच्या डोक्यात किती नावं साठली आहेत, यावरही ते वाक्य पोचणं अवलंबून असतं. आठांत दोघांनी पुन्हा मागे नेलं, तर आवाजाची डागडुजी पुरी पडलेली नाही असं समजावं आणि त्या नात्यासाठी वेगळा शॉट घ्यायची तयारी ठेवावी.