‘जुनी इटालियन पोवळी’ म्हणून गळ्यात मारलेला रंगवलेला बांबू कोरल

पुण्यातल्या एका बाईंना ‘जुन्या वाड्यातली इटालियन पोवळी’ म्हणून एक माळ विकली गेली. आठ मिलिमीटरचे ५६ मणी, एकसारखे लालभडक, दोरा काळपट पडलेला. विक्रेत्याने त्यांच्यासमोरच माळ तोलून दाखवली, ३९ ग्रॅम भरली. मणी गालाला लावून गार लागतो हे दाखवलं. शेवटी एका मण्यावर लिंबाचा थेंब टाकला, बारीक फेस आला. तिन्ही चाचण्या खऱ्या होत्या, माळ मात्र रंगवलेल्या बांबू कोरलची होती.

वजनाची चाचणी प्लास्टिक ओळखायला उत्तम. एवढीच माळ प्लास्टिकची असती तर साधारण १६ ते २० ग्रॅम भरली असती, आणि मणी हाताला लगेच कोमट लागले असते. पण काचेचं वजन पोवळ्याच्या जवळपास येतं आणि काचही गारच लागते. काच लिंबाला दाद देत नाही, शिवाय भिंगाखाली तिच्यात गोल बुडबुडे दिसतात आणि भोकाच्या कडेला शिंपल्यासारखे चकचकीत टवके उडालेले असतात. म्हणजे या दोन नकला लिंबू-तराजूत पकडल्या जातात. बांबू कोरल सुटतो, कारण तोही समुद्रातलाच आणि तोही कॅल्शियम कार्बोनेटचाच. घनता जवळपास तीच, फेसही तसाच. मूळचा पांढरट-करडा, स्वस्त, म्हणून लाल रंगात मुरवून विकतात. लिंबाने खऱ्या पोवळ्याचीही झिलई जाते, तेव्हा ती चाचणी करूच देऊ नका. तापलेल्या सुईचंही तेच.

पाहायच्या असतात त्या रेषा. दहापट भिंग घ्या, मणी उन्हात तिरका धरून हळूहळू फिरवा. खऱ्या लाल पोवळ्यावर फांदीच्या लांबीच्या दिशेने अगदी बारीक समांतर रेषा असतात, दोन रेषांत पाव ते अर्धा मिलिमीटर अंतर. बांबू कोरलच्या रेषा ठसठशीत, जवळपास एक मिलिमीटर अंतराच्या, नुसत्या डोळ्यांनाही दिसतात. या बाईंच्या मण्याच्या रुंदीत सात-आठच रेषा मोजता येत होत्या आणि प्रत्येक रेषेच्या खाचेत रंग गडद साचला होता. रेषा अजिबातच नसतील तर काच, प्लास्टिक किंवा भुकटी दाबून केलेला माल समजा.

मग भोक पाहा. रंगवलेल्या मण्यात भोकाच्या तोंडाशी आणि तडांमध्ये रंग दाट होतो. नुसतं आत पांढरं दिसलं म्हणून मात्र माल खोटा ठरवू नका. जपानी गडद लाल पोवळ्याच्या फांदीचा गाभा मुळातच पांढरा असतो. भूमध्य समुद्रातल्या पोवळ्यात तो नसतो, त्यामुळे ‘इटालियन’ म्हणून विकलेल्या मण्यात पांढरा गाभा निघाला तर विक्रेत्याचं बोलणं तरी खोटं आहे. (इटलीत कापलेलं जपानी पोवळंही इटालियन म्हणून खपतं, ती वेगळी गोष्ट.)

रंग उतरतो का हे पाहायला कापसाच्या काडीवर बिनरंगी अ‍ॅसिटोन घ्या. गुलाबी नेलपॉलिश रिमूव्हर घेतलात तर काडी आधीच गुलाबी होईल. काडी भोकाच्या कडेला, दोऱ्याला न लागू देता, दहा-पंधरा सेकंद घासा. लाल उतरलं तर रंग दिलेला आहे. प्लास्टिक असेल तर जागा चिकट होते, म्हणून एकाच मण्यावर करा. न उतरलं तरी निश्चिंत होऊ नका, कारण वर मेणाचा किंवा राळेचा थर असेल तर रंग अडतो. दुधात टाकल्यावर दूध गुलाबी झालं तर पोवळं अस्सल, ही समजूत तर उलटीच आहे: दुधात उतरतो तो बहुधा दिलेला रंगच.

‘जुनं’ याची खूण मळका दोरा नव्हे. दोरा चहाच्या पाण्यातही काळपट करता येतो. वर्षानुवर्षं वापरलेल्या माळेत शेजारचे मणी एकमेकांवर घासून भोकाभोवती सपाट, निस्तेज कडा पडतात, घामाने गळ्याकडची झिलई उतरते. हाताने घडवलेले मणी थोडे कमीजास्त असतात. भूमध्यातली फांदी जाडीने वर्षाला अर्धा मिलिमीटरही वाढत नाही, म्हणून त्या पोवळ्याचे मोठे, एकसारखे, निर्दोष मणी स्वस्तात मिळत असतील तर तिथेच थांबा.

बाई माळ परत करायला गेल्या तेव्हा विक्रेत्याने बिल पुढे केलं. त्यावर ‘रेड कोरल बीड्स’ एवढंच होतं, आणि बांबू कोरलही कोरलच. बिलावर ‘नैसर्गिक, रंग न दिलेलं पोवळं’ असं लिहून घ्या, मण्यांची संख्या आणि ग्रॅममधलं वजनही. प्रयोगशाळेचा अहवाल दाखवला तर त्यातला फोटो आणि वजन हातातल्या माळेशी जुळवा. भिंगाने शंका फिटली नाही तर रामन वर्णपट तपासणाऱ्या रत्नपरीक्षण प्रयोगशाळेत द्या. पोवळ्याचं नैसर्गिक रंगद्रव्य आणि बाहेरून दिलेला रंग यांचे आलेख वेगळे येतात, मणी फोडावा लागत नाही.