कलमांचे क्रमांक: अक्षरांची पद्धत की दशांश पद्धत?

सोलापुरातील एखाद्या टॉवेल कारखान्याची कार्यपद्धती-पुस्तिका लिहायला घेताना लेखनाच्या नियमांपैकी कलमांच्या क्रमांकांचा निर्णय आधी घ्यावा, कारण तारखा आणि एकके कशी लिहायची हेही काही अंशी त्यावरच ठरते.

पहिली पद्धत कायद्यांतून आणि शासकीय कागदपत्रांतून आपल्या परिचयाची आहे: ४, मग (अ), मग (एक). ती वाचायला सोपी असते आणि मजकूर दोनच पातळ्यांचा असेल तर पुरेशीही ठरते. तिचा खरा दोष अक्षरांच्या क्रमात आहे. कोणी अ, ब, क, ड असा क्रम लावतो, तर कोणी क, ख, ग, घ असा; त्यामुळे ‘४(क)’ हे एका विभागाच्या लेखी तिसरे पोटकलम असते आणि दुसऱ्याच्या लेखी पहिले. ही पद्धत निवडल्यास संपूर्ण अक्षरक्रम नियमावलीत छापून द्यावा.

दशांश पद्धतीत ‘४ तपासणी’, ‘४.२ तयार टॉवेल’, ‘४.२.३ वजन’ असे शीर्षकच आपली जागा सांगते. मात्र ४.९ नंतर ४.१० येते आणि ते ४.१ पेक्षा वेगळे असते, हे नवख्या कर्मचाऱ्याला समजावून सांगावे लागते. शिवाय मध्ये नवे कलम घातले की पुढचे सर्व क्रमांक सरकतात आणि तपासणी-पत्रकांवर छापलेले ‘४.२.३ पाहा’ भलत्याच कलमाकडे बोट दाखवू लागते. यासाठी नवे कलम शेवटी जोडावे आणि वगळलेल्या कलमाचा क्रमांक ‘रद्द’ असे लिहून राखून ठेवावा. अक्षरांच्या पद्धतीत हेच काम ‘४-अ’ने सहज होते, हे मान्य केले पाहिजे.

दशांश पद्धत घेतली तर ‘४.१०.२४’ ही तारीख कलमासारखी दिसते. तिरप्या रेघांनी हा प्रश्न सुटत नाही, कारण ०४/१०/२०२४ हे अमेरिकी खरेदीदार १० एप्रिल असे वाचतो. महिना अक्षरांत लिहावा: ४ ऑक्टोबर २०२४. संगणकातील धारिकांच्या नावांसाठी मात्र 2024-10-04 हा क्रम ठेवावा, म्हणजे त्या आपोआप कालक्रमाने लागतात.

टिंबांचा हाच विचार संक्षेपांना लागू होतो, ‘कि.ग्रॅ.’ऐवजी ‘किग्रॅ’ लिहावे आणि अंक व एकक यांत जागा सोडावी. ‘जीएसएम’ पहिल्यांदा येईल तेथे ‘ग्रॅम प्रति चौरस मीटर’ असे पूर्ण लिहावे. ६० × १२० सेंमीचा, ४५० जीएसएमचा टॉवेल ०.७२ चौरस मीटरचा असल्याने ३२४ ग्रॅम भरतो. कलमात नुसते ‘वजन ४५० ग्रॅम’ राहिले, तर तपासनीस चांगला माल परत पाठवेल.

पुस्तिकेत तीन पातळ्या असतील आणि पत्रकांतून तिचे संदर्भ द्यायचे असतील, तर मी दशांश पद्धत निवडेन. संस्थेच्या उपविधींना मात्र अक्षरांची पद्धतच ठेवेन, कारण तेथे दुरुस्त्या मध्येच घालाव्या लागतात.